एकाच पुस्तिकेत ऑफिस, ऑफीस आणि न सापडणारा ‘डॉक्टर’

प्रश्न: आमच्या मदत-गटाने रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहिती पुस्तिका तयार केली आहे. चौघांनी मिळून लिहिली, त्यामुळे कुठे ऑफिस तर कुठे ऑफीस, कुठे मोबाइल तर कुठे मोबाईल झाले आहे. बरोबर कोणते धरायचे? आणि ‘डॉक्टर’ शोधायला गेले तर काही डॉक्टर सापडतच नाहीत, डोळ्यांना मात्र तसेच दिसतात. हे सगळे एकसारखे कसे करू?

उत्तर:

न सापडणाऱ्या डॉक्टरांपासून सुरुवात करू या. ते सापडल्याशिवाय बाकीची दुरुस्ती अर्धवटच राहते.

‘डॉ’मधला ॉ हे युनिकोडमध्ये एकच अक्षरचिन्ह आहे, त्याचा क्रमांक U+0949. पण टंकणाऱ्याने आधी काना दिला आणि मग त्यावर अर्धचंद्र ठेवला, तर कागदावर तेच दिसते आणि संगणकाच्या लेखी मात्र ती दोन चिन्हे होतात, U+093E आणि U+0945. शोधयंत्र आकार पाहत नाही, क्रमांक पाहते. म्हणून तुम्ही एका पद्धतीचा ‘डॉक्टर’ शोधता तेव्हा दुसऱ्या पद्धतीचा तसाच मागे राहतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला असेल तर हे पुष्कळदा होते, कारण त्या फाँटमध्ये काना आणि चंद्र वेगवेगळे तुकडे म्हणूनच ठेवलेले असत.

ओळखायचे कसे? संशयित शब्दात ‘डॉ’च्या लगेच पुढे कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकदाच दाबा. बहुतेक लेखन-प्रणालींत बॅकस्पेस एका वेळी एकच चिन्ह खोडते. नुसता ‘ड’ उरला तर शब्द नीट टंकलेला होता. ‘डा’ उरला तर वरचा चंद्र वेगळा बसवलेला होता. मी नवीन मजकूर हातात आला की पहिल्या पाच मिनिटांत हीच तपासणी करते, कारण कोणाचा मजकूर कुठल्या कळफलकावरून आला आहे हे त्यावरून लगेच कळते.

हाच घोळ शब्दाच्या सुरुवातीलाही होतो. ‘ऑफिस’चा ऑ कोणी आ आणि चंद्र असा जोडून लिहिते, ब्राउझरमध्ये आणि लिबरऑफिसमध्ये अशा जोडणीत पुष्कळदा मधेच ठिपक्यांचे वर्तुळ उमटते, म्हणून ती निदान नजरेत तरी येते. ‘ॲ’ची अवस्था सर्वांत वाईट आहे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक २००८ साली मिळाला. त्याआधीच्या कळफलकांवर हिंदीच्या सोयीचा ‘ऍ’ होता, म्हणून कोणी तो वापरला, कोणी अ वर चंद्र ठेवला, आणि ते ठिपक्यांचे वर्तुळ टाळण्यासाठी कोणी दोघांच्या मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घातले. तुमच्या पुस्तिकेत ‘ॲम्ब्युलन्स’ आणि ‘ॲडमिट’ हे शब्द असणारच. त्यांची तीन-चार अदृश्य रूपे निघाली तर आश्चर्य वाटू देऊ नका. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ या दोन्हींना मराठी वर्णमालेत स्वरांचे स्थान दिले आहे, तेव्हा मराठी मजकुरात ‘ऍ’ ठेवायला आता काही कारण उरलेले नाही.

या सगळ्या जोडण्या एकाच वेळी सरळ करता येतात. डावीकडचे जे सापडेल त्याच्या जागी उजवीकडचे ठेवायचे:

```
\u0905\u200D?\u0945   ->  ॲ  (U+0972)
\u090D                ->  ॲ  (U+0972)
\u0906\u200D?\u0945   ->  ऑ  (U+0911)
\u0905\u0949          ->  ऑ  (U+0911)
\u093E\u0945          ->  ॉ  (U+0949)
\u0945\u093E          ->  ॉ  (U+0949)
(?<!\u0930)\u093C     ->  (काहीच नाही)
```

लिबरऑफिसच्या शोधा-बदला खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे ठरावीक शब्दाऐवजी नमुना शोधण्याची, खूण करा. डावीकडचे रकाने जसेच्या तसे वरच्या चौकटीत लिहा, खालच्या चौकटीत उजवीकडचे एकच अक्षर टाका. शेवटची ओळ नुक्त्याची आहे. हिंदी कळफलकावरून आलेल्या ‘ऑफ़िस’मध्ये फ खाली ठिपका असतो, तो मराठीत नको. मात्र ‘दुसऱ्या’मधला ऱ कधी र आणि ठिपका असा जोडलेला असतो, म्हणून र खालचा ठिपका ही ओळ सोडते. पुस्तिकेत हिंदी किंवा उर्दू उतारा असेल तर मात्र ही ओळ त्या उताऱ्यावर चालवू नका. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण, म्हणजे ज्याला एनएफसी म्हणतात ते, या जोडण्या एकत्र करत नाही. ते आधीच केले आहे म्हणून निर्धास्त राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

आता ‘बरोबर कोणते’ हा प्रश्न. इथे दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. डॉक्टरच्या बाबतीत रूप ठरलेले आहे, फक्त टंकन चुकते. ऑफिस आणि मोबाइलच्या बाबतीत टंकन ठीक असते, पण ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय झालेला नसतो.

साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांत, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार मिळून, मराठी अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ लिहायचा असतो. गरीब, वकील, फूल. गरीब आणि वकील हे मुळात अरबी आहेत, तरीही ते या नियमात बसले, कारण ते पुरते मराठी झाले. ‘ऑफीस’ लिहिणारा माणूस अडाणी नसतो. तो हाच नियम लावत असतो. मग ‘पोलीस’ दीर्घ आणि ‘ऑफिस’ ऱ्हस्व, असे का?

मी यासाठी एक कसोटी वापरते. शब्दाला ‘चा’ लावा आणि घरात बोलतो तसे म्हणून पाहा. तिकीट: तिकिटाचा. पोलीस: पोलिसाचा. नोटीस: नोटिशीचा. प्रत्यय लागताना हे शब्द आपले अंग बदलतात, वकील-वकिलाचा यासारखेच. ते मराठीच्या विभक्तीत शिरले आहेत, तेव्हा त्यांना मराठीचा नियम पूर्ण लावायचा. एकटा असताना दीर्घ, आणि सामान्यरूपात ऱ्हस्व. आता ऑफिस: ऑफिसचा. क्लिनिक: क्लिनिकचा. मोबाइल: मोबाइलचा. इथे शब्द जसाच्या तसा राहतो आणि प्रत्यय बाहेरून चिकटतो. असे शब्द उच्चाराप्रमाणे लिहायचे, आणि ऑफिस, क्लिनिक, सर्व्हिस, प्लॅस्टिक यांतला शेवटचा इकार उच्चारात ऱ्हस्वच आहे. मशीन, टीम, स्क्रीन यांचा उच्चार खरोखर लांब आहे, म्हणून ते दीर्घ राहतात आणि ‘मशीनचा’ असे प्रत्यय लागल्यावरही दीर्घच राहतात.

‘ऑफिसात’ हे रूप या कसोटीत थोडे आडवे येते, कारण तिथे अंग बदलते. पण त्याने अडचण होत नाही. पोलिसात, ऑफिसात, दोन्हीकडे इकार ऱ्हस्वच आहे, म्हणून मूळ शब्द कसाही ठरवला तरी हे रूप तेच राहते.

मोबाइलबद्दल थोडे अधिक सांगते, कारण वाद याच शब्दावर होतात. ‘मोबाईल’ लिहिणाऱ्यांच्या बाजूने वाईट, नाईक हे मराठी शब्द आहेत, आणि ती बाजू पोकळ नाही. पण मोबाइलमधला ‘आइ’ आपण एका झटक्यात म्हणतो. ‘वाईट’मध्ये जसा ‘ई’ सुटा ऐकू येतो तसा इथे येत नाही. शिवाय ऱ्हस्व रूप घेतले की मोबाइल, मोबाइलवर, मोबाइलमधून, सगळीकडे तेच अंग टिकते. म्हणून मी ऱ्हस्व घेते. तुम्ही दीर्घ घेतले तरी ती चूक म्हणता येणार नाही, पण मग फाईल, लाईन, ऑनलाईन, साईज, टाईप, वेबसाईट हे सगळे कुटुंब दीर्घ करावे लागेल. वाचकाला खरा त्रास होतो तो एकाच पानावर ‘मोबाईलवरून ऑनलाइन नोंदणी’ वाचताना. निर्णय शब्दाचा घेऊ नका, कुटुंबाचा घ्या. अनेकवचनात फायली, लायनी अशी जी रूपे होतात ती तशीच राहू द्या. ती अस्सल मराठी आहेत, त्यांना ‘फाइली’ करायला जाऊ नये.

शेवटचे ई-ऊ दीर्घ, आणि अकारान्त शब्दातले शेवटून दुसरे अक्षर सोडले तर आधीचे ऱ्हस्व, हा मराठीचा नियम मात्र बहुतेक ठिकाणी लावता येतो: फी, कंपनी, ड्युटी, हॉस्पिटल. ‘हॉस्पीटल’ आणि ‘ड्यूटी’ इथेच निकालात निघतात.

‘बँक’चा निर्णय वेगळा घ्यावा लागतो. रक्तपेढीला तुमच्या लेखकांपैकी कोणीतरी ब्लड बँक म्हटलेच असेल. ती चंद्र आणि अनुस्वार अशा दोन चिन्हांनी लिहिता येते, आणि चंद्रबिंदू या एका चिन्हानेही. व्याकरणाच्या अंगाने पहिली पद्धत नीट आहे, कारण इथे ‘ॲ’ हा स्वर आणि त्यावर अनुस्वार आहे, हिंदीसारखा नुसता सानुनासिक स्वर नाही. पण प्रत्यक्षात मराठीत बँक, काँग्रेस अशी चंद्रबिंदूची रूपेच फार रुळली आहेत आणि लोक शोधतानाही तीच टंकतात. रुग्णांच्या पुस्तिकेसाठी मी चंद्रबिंदू घेईन, म्हणजे U+0945 U+0902 च्या जागी U+0901, आणि ‘कॉं’सारख्या ठिकाणी U+0949 U+0902 च्या जागी U+093E U+0901. हे दोन बदल वरच्या कोष्टकाचे काम झाल्यावर करायचे. आधी केले तर जोडून लिहिलेले ॉ निसटतात.

निर्णय झाले की ते एका कागदावर लिहून काढा. माझ्याकडे दर पुस्तकासाठी असा एक कागद असतो, दोन रकान्यांचा: घेतलेले रूप आणि टाकलेले रूप. तो चारही लेखकांना पाठवा, नाहीतर शेवटच्या मिनिटाला आलेली प्रस्तावना पुन्हा ‘ऑफीस’ घेऊन येते.

आता शब्द शोधायचे. आठवेल तो शब्द शोधत बसलात तर जे आठवत नाहीत ते राहतात. त्यापेक्षा मजकुरातल्या सगळ्या शब्दांची यादी काढा आणि जे शब्द ऱ्हस्व-दीर्घ, चंद्र, अनुस्वार सोडले तर एकसारखे आहेत त्यांच्या जोड्या लावा. मजकूर pustika.txt नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये UTF-8 पद्धतीने साठवून हा छोटा पायथन कार्यक्रम चालवा. तो मूळ फाइलला हात लावत नाही:

```
import re
from collections import Counter, defaultdict

text = open("pustika.txt", encoding="utf-8").read()
words = Counter(re.findall(
    r"[\u0900-\u0963\u0970-\u097F\u200C\u200D]+", text))

fold = str.maketrans(
    "\u0940\u0942\u0908\u090A\u0911\u0949\u0972\u090D\u0901",
    "\u093F\u0941\u0907\u0909\u0906\u093E\u0905\u0905\u0902",
    "\u0945\u093C\u200C\u200D")

groups = defaultdict(list)
for w, n in words.items():
    groups[w.translate(fold)].append((w, n))
for g in groups.values():
    if len(g) > 1:
        print(g)
```

शब्द वेचताना इथे `\w+` वापरलेले नाही याकडे लक्ष द्या. पायथनमध्ये ते मात्रांना अक्षर मानत नाही आणि ‘डॉक्टर’चे तुकडे करते.

एका रुग्णालयाच्या ८८ पानी पुस्तिकेवर मी हे चालवले होते. यादीत पहिल्याच ओळींत डॉक्टर दोनदा दिसला, एकाच्या पुढे १७३ आणि दुसऱ्याच्या पुढे ३९. दोन्ही शब्द पडद्यावर हुबेहूब सारखे. त्या ३९ ठिकाणी शोधा-बदला कधीच पोहोचले नव्हते, आणि ती सगळी एकाच लेखकाच्या प्रकरणात होती. खाली ऑफिस-ऑफीस, मोबाइलवर-मोबाईलवर, तिकीट-तिकिट अशा जोड्या लागल्या होत्या. त्यांत दिन-दीन, कॉफी-काफी अशा खोट्या जोड्याही येतात, कारण ते खरोखर वेगळे शब्द आहेत. म्हणून ही यादी माणसाने वाचायची, यंत्राला बदलू द्यायची नाही. साधारण पाऊण तासाचे काम होते.

त्याच पुस्तिकेत माझ्या हातून एक चूक झाली होती, ती सांगते. अपघाताच्या प्रकरणात ‘पोलिस ठाणे’ होते. मी ‘पोलिस’च्या जागी ‘पोलीस’ असा एकगठ्ठा बदल केला. ठाणे दुरुस्त झाले, पण ‘पोलिसांनी’ चे ‘पोलीसांनी’ झाले आणि ‘पोलिसी’ चे ‘पोलीसी’. जे आधी बरोबर होते ते मीच बिघडवले. मुद्रितात वाचताना लक्षात आले तेव्हा पाने लागली होती. तिकीट, नोटीस, वकील, गरीब, सगळ्यांना हीच भीती आहे. यावर उपाय म्हणजे शब्दापुढे मात्रा नसेल तेव्हाच बदल करायचा:

```
पोलिस(?![\u093E-\u094C])     ->  पोलीस
पोलीस(?=[\u093E-\u094C])     ->  पोलिस
```

पहिली ओळ एकट्या शब्दाला दीर्घ करते आणि पोलिसांनी-पोलिसी यांना सोडते. दुसरी ओळ आधीपासून चुकलेले ‘पोलीसांनी’ ऱ्हस्व करते. ‘तिकिट’ला याच धर्तीची ओळ लागते. ‘नोटीस’ला थोडे जपा, कारण प्रत्यय लागताना त्यातला स बदलून ‘नोटिशी’ होते. तिथे एकेक ठिकाण पाहून बदललेले बरे. ऑफिस आणि मोबाइलला मात्र ही काळजी नको: ‘ऑफीस’ दिसेल तिथे ‘ऑफिस’, ‘मोबाईल’ दिसेल तिथे ‘मोबाइल’, पुढे कुठलाही प्रत्यय असो. ऱ्हस्व रूप निवडण्याचा हा व्यवहारातला फायदा आहे.

काही ठिकाणी हात लावायचा नाही. संस्थेच्या नोंदणीकृत नावात ‘ऑफीस’ असेल तर ते तसेच राहते. रुग्णाच्या नातेवाइकाचे बोलणे अवतरणात दिले असेल आणि आजी ‘डाक्टर’ म्हणत असेल, तर ती तसेच म्हणू दे. त्या शब्दात तिचा आवाज आहे. जुन्या पत्रातला किंवा छापील मजकुरातला उतारा घेतला असेल तर तोही मूळ रूपात ठेवा. म्हणून ‘सर्व बदला’ दाबण्याआधी ‘सर्व शोधा’ करून नजर फिरवायची, आणि पुढे टंकताना वर्डच्या ऑटोकरेक्टवर विसंबायचे नाही. ते पूर्ण शब्द पाहते, त्यामुळे ‘मोबाईल’ सुधारते आणि ‘मोबाईलवरून’ सोडून देते.

हे सगळे काम पानांची मांडणी सुरू होण्याआधी संपवा. मांडणीनंतर पीडीएफमध्ये शोधून खात्री करू म्हटले तर फसाल. पीडीएफमधून देवनागरी वाचताना पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे पुष्कळदा जागा बदलतात, आणि ‘ऑफीस’ एकही सापडले नाही याचा अर्थ ते तिथे नाही असा होत नाही. मांडणीकाराकडून शेवटचा दुरुस्त मजकूर टेक्स्ट म्हणून परत मागून घ्या आणि वरचा कार्यक्रम त्यावर आणखी एकदा चालवा.